टाकीत उतरायला ‘नाही’ म्हटलं तर

“टाकीत उतरायला नाही म्हटलं की शिस्तभंग, मग चार्जशीट आणि घरी. नकाराचा हक्क वगैरे कायद्यात काही नाही, ठेकेदाराच्या पोराला तर नाहीच. आधी काम करा, मग तक्रार करा. आणि लेखी कधी देऊ नका, स्वतःच अडकाल.”

असा एक मेसेज फिरतोय. त्यातल्या शिस्तभंगापासून सुरुवात करू. मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, गैरवर्तन म्हणून जे धरलंय ते वरिष्ठाच्या ‘कायदेशीर आणि वाजवी’ हुकमाची जाणूनबुजून अवज्ञा. चार्जशीट बनवताना यातले पहिले दोन शब्द सोयीने गळतात, आणि सगळा वाद तर तिथेच असतो. गॅस साचू शकेल अशा टाकीत किंवा खड्ड्यात माणसाला केव्हा उतरवता येतं हे कारखाना कायदा 1948 च्या कलम 36 ने आखून दिलं होतं: गॅस काढून टाकण्याचे शक्य ते सगळे उपाय आधी करायचे, आणि मग एकतर जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी करून दिलेला लेखी दाखला हवा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा लावलेला हवा नि त्या पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पण कामाची जागा इजा करणाऱ्या धोक्यांपासून मुक्त ठेवणं हे संहितेच्या कलम 6 प्रमाणेही मालकाचंच कर्तव्य आहे. दाखला नाही, दोर नाही, आणि तरी ‘उतर’, हा हुकूम कायदेशीर कसा ठरवायचा ते चौकशी अधिकाऱ्यासमोर कंपनीला सांगावं लागेल.

हक्काबद्दल मात्र त्या मेसेजमध्ये थोडं खरं आहे. ‘कामगार नकार देऊ शकतो’ असं वाक्य संहितेत कुठेही नाही. कलम 14 म्हणतं की गंभीर इजा, मृत्यू किंवा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची रास्त भीती असेल तर कर्मचाऱ्याने ते मालकाला, थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत, कळवावं आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावं. मालकाला धोका पटला तर त्याने लगेच उपाय करून निरीक्षकाला अहवाल द्यायचा. पटला नाही तरी प्रकरण स्वतःकडे ठेवता येत नाही. ते ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवायचं आणि धोका आहे की नाही यावर त्याचा निर्णय अंतिम. कारखाना कायद्यात हेच कलम 41एच म्हणून 1987 साली, भोपाळनंतर आलं होतं, पण ते धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरतं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेत ती मर्यादा राहिलेली नाही.

आता ‘आधी काम, मग तक्रार’. समजा लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेच्या, टाकीतला गाळ काढायचाय. गाळ सडतो तसा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. मॅनहोलवर धरलेला गॅस मीटर सुरक्षित आकडा दाखवतो, आणि फावडं गाळात घातलं की कोंडलेला वायू एकदम सुटतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणी मोजायचं, आणि काम चालू असेपर्यंत मीटर कमरेला चालूच ठेवायचा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली नको. हायड्रोजन सल्फाइडची आठ तासांची मर्यादा 10 पीपीएम आहे आणि 100 पीपीएमला जिवावर बेतू शकतं. कुजक्या अंड्यांचा वास सुरुवातीला येतो, पण याच पातळीच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजणारा फसतो. वर उभा असलेला सोबती मग मदतीला उडी मारतो आणि तोही आत पडतो. अशा कामाची तक्रार ‘मग’ करायला माणूस वर यायला तर हवा.

ठेकेदाराच्या माणसाचं काय? कारखाना कायद्याच्या ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत, अगदी मूळ मालकाच्या नकळत ठेवलेला माणूसही होता. नव्या संहितेत ‘मालक’ या शब्दात कारखान्याचा कारभार ज्याच्या हाती आहे तो भोगवटादार आणि ठेकेदार दोघेही येतात. म्हणून पत्र दोघांनाही द्यायचं.

ते पत्र मोठं नसावं. असं चालेल: “आज सकाळी 10.15 वाजता मला टाकी क्र. 2 मध्ये गाळ काढायला उतरायला सांगितलं. हवा तपासल्याचा लेखी दाखला दाखवला नाही, दोर धरायला बाहेर माणूस नाही, मॅनहोलजवळ कुजक्या अंड्यांसारखा वास येतोय. त्यामुळे माझ्या जिवाला तातडीचा धोका आहे अशी मला रास्त भीती वाटते. तो दूर होईपर्यंत मी दुसरं कोणतंही काम करायला तयार असून कामावर हजर आहे. धोका मान्य नसल्यास प्रकरण लगेच निरीक्षकांकडे पाठवावं.” प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयाला, त्याच दिवशी. सुपरवायझर पोच देत नसेल तर त्याच्या मोबाइलवर पत्राचा फोटो पाठवा आणि मूळ पत्र स्पीड पोस्टाने टाका. पावतीवरची तारीख पुढे फार कामाची असते.

‘दुसरं काम करायला तयार आहे’ हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर कामावरून निघून गेला असं दाखवणं सोपं जातं. आणखी एक खाच इथे आहे: सगळ्यांनी मिळून हात वर केले की कंपनी त्याला संप म्हणते, आणि औद्योगिक संबंध संहितेनुसार 14 दिवसांच्या नोटिशीशिवायचा संप बेकायदेशीर. म्हणून प्रत्येकाने आपापलं पत्र द्यावं, त्या एकाच टाकीपुरतं. गेट सोडायचं नाही. आणि निरीक्षकाने येऊन धोका नाही असं ठरवलं, तर त्यानंतरही अडून बसलेल्याला कलम 14 आधार देत नाही.

चार दिवसांनी ठेकेदार तोंडी म्हणतो, ‘उद्यापासून येऊ नको.’ सूडबुद्धीने काढणं हे कलम 14 मध्ये नाही, ते औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा म्हणून आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यातही ते आहे, आणि औद्योगिक संबंध संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याखालची तक्रार 90 दिवसांच्या आत करावी लागते. मात्र तो माणूस आपला कामगारच नाही असं मूळ कंपनीने म्हटलं, तर तिच्याविरुद्धची तक्रार तिथे टिकत नाही, असे सिप्ला आणि कल्याणी स्टील्स प्रकरणांतले 2001 चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. नेमणूक ज्याने कबूल केलीय त्या ठेकेदाराविरुद्ध ती अडचण येत नाही. काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला लेखी कळवायचं की मी कामावर यायला तयार आहे, आणि राजीनामा किंवा फुल अँड फायनलच्या कागदावर सही करायची नाही. मग न्यायालयासमोर दोन तारखा शेजारी शेजारी येतात: धोक्याचं पत्र दिल्याची आणि गेटपास बंद झाल्याची. मधल्या चार दिवसांत असं काय घडलं, याचं उत्तर ठेकेदाराला द्यायचं असतं. लेखी दिलंच नसेल तर पहिली तारीखच नसते.