हिरवा बिल्ला

आमचं मशीन शॉप कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीत. आमचं म्हणजे मालकांचं. मी क्वालिटी बघतो. म्हणजे ज्या कामाला वाली नाही ते सगळं काम माझं. चार सीएनसी, अठरा माणसं आणि गेटवर एक कुत्रं.

मागच्या वर्षी गिऱ्हाइकाकडून ऑडिटर आले आणि भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्ससमोर थांबले. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे चार फाकांचं वर्तुळ असतं. एक फाक रंगवली तर शिकाऊ, तीन असतील तर एकट्यानं काम करणारा, चारही असतील तर दुसऱ्याला शिकवणारा. आमच्याकडे झाडून सगळ्यांची वर्तुळं भरलेली होती, झाडणाऱ्या मावशींचंसुद्धा. "हे कशावरून ठरवलंत?" त्यांनी विचारलं. मी हातातला मार्कर हळूच खिशात घातला.

ते गेल्यावर मालक म्हणाले, "आपलं सर्टिफिकेट आपणच काढूया की! छापायला किती लागतंय?"

छापायला काहीच लागत नाही. निकष लिहायला लागतं. मी एका रात्रीत लिहिले: मशीनची जाण, कामातली काळजी, समजूतदारपणा, प्रत्येकी दहा गुण. दोन सुपरवायझरांनी एकाच पोराला काळजीचे गुण दिले, एकानं नऊ आणि दुसऱ्यानं चार. नऊवाले त्याच्या गावचे होते. चारवाल्यांकडे त्यानं नुकतीच जत्रेची रजा मागितली होती.

मग कळलं की काळजी डोळ्याला दिसत नाही, हात काय करतो ते दिसतं. सगळं खोडलं आणि एकच काम धरलं: बिघडलेलं माप जागेवर आणणे. २५ मिलिमीटरची पिन, सूट वर-खाली ०.०२. आम्ही मुद्दाम वेअर ऑफसेट, म्हणजे हत्याराची झीज भरून काढायला मशीनमध्ये भरलेला आकडा, हलवून ठेवायचा, की पिन २५.०३ निघते. उमेदवारानं मोजायचं, वेअर ऑफसेटमध्ये ०.०३ कमी करायचे आणि पुढची पिन मापात काढून दाखवायची.

इथं एक खड्डा आहे, त्यात आमची निम्मी पोरं पडायची. स्क्रीनवर दोन बटणं असतात. `+INPUT` दाबलं तर नवा आकडा जुन्यात मिळवला जातो. `INPUT` दाबलं तर जुना पुसून नवाच बसतो. आधी −०.१२० असेल आणि कोणी −०.०३० लिहून `INPUT` दाबलं, तर पिन बारीक व्हायच्या ऐवजी २५.१२ होऊन बाहेर येते, आणि पोरगं मशीनकडे असं बघतं की जणू मशीननंच दगा दिला. म्हणून मी ऐटीत निकष लिहिला: '`+INPUT` दाबलं का? हो / नाही.'

पहिले परीक्षेला बसले मामा. मामा म्हणजे बावीस वर्षांची नोकरी. मला मायक्रोमीटर धरायला त्यांनीच शिकवलं. मामांना पिन २५.०२ दिसली. त्यांनी आधीच्या −०.१२० मध्ये मनातल्या मनात बेरीज केली, सरळ −०.१४० लिहिलं आणि `INPUT` दाबलं. पिन मापात! एका सुपरवायझरनं पास लिहिलं, दुसऱ्यानं नापास. दोघंही बरोबर होते, निकष गाढव होता. रात्री तो बदलला: 'पुढची पिन मापात आली का?' बटण कुठलंही दाबा.

पण असं सगळीकडे चालत नाही. मामांनी मायक्रोमीटरचा झिरो, म्हणजे ते मुळात शून्यावर बरोबर आहे का, हे बघितलंच नव्हतं.

"मामा, झिरो?"

"माझंच मायक्रोमीटर हाय, त्याचा झिरो काय बघायचा? बायकोचं नाव रोज इचारतोस व्हय?"

बघितला. ०.०१ कमी दाखवत होतं. म्हणजे मामांना २५.०० दिसलेली पिन खरी २५.०१ होती, मापात होती खरी, पण एका बाजूची निम्मी सूट न कळत खाल्लेली. ही चूक पिनकडे बघून सापडली नसती, म्हणून झिरोची खूण सक्तीची. मामा नापास. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि माझा चहाही कुणी आणला नाही.

त्यानंतर नियम केला की दोन्ही सुपरवायझरांनी वेगवेगळ्या कागदावर खुणा करायच्या, एकमेकांकडे न बघता, आणि आपल्या शिफ्टचा माणूस तपासायचा नाही. खुणा जुळल्या नाहीत तर आधी निकष वाचायचा, माणसाला नंतर बोलायचं. पंधरा दिवसांनी मामा पुन्हा बसले. माझ्याकडे रोखून बघत त्यांनी झिरो तीनदा तपासला, आणि पास झाले.

सन्मान म्हणून चार फाकांवाल्याला हिरवा बिल्ला, महिना पाचशे रुपये जास्त आणि गेटवरच्या फळ्यावर नाव. मालकांनी पेढेही आणले. दुसऱ्या दिवसापासून ज्याचं माप हललं तो "मामाऽऽ" करत हिरव्या बिल्ल्याकडे धावू लागला. मामांच्या स्वतःच्या मशीनवर तासाला निघणाऱ्या पिना घटल्या. मालकांनी मला बोलावून विचारलं, "सर्टिफिकेट दिल्यावर माणूस मंदावतो काय रे?"

हल्ली मामा शिफ्ट सुरू होताना बिल्ला काढून डब्यात ठेवतात, पोळ्यांच्या खाली. सुटताना पुसून छातीला लावतात आणि गेटवरच्या फळ्यासमोरून सावकाश चालत जातात.