‘बचत लवकर सुरू कर’ असं मुलीला लिहिलेल्या पत्रावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: काका, पत्र छान आहे, पण हिशेब सोयीचा आहे. १२ टक्के गृहीत धरले की काहीही सिद्ध होतं. महागाईचा उल्लेखच नाही. तुमची मुलगी घरी राहते. मी ग्वाल्हेरहून इंदूरला आले, पगार २६ हजार, त्यात विजयनगरची खोली आणि डबा. त्यापेक्षा बत्तिसाव्या वर्षी पगार वाढल्यावर ५ हजार भरलेले काय वाईट?

नमस्कार. पत्रातल्या दोन बाजू अशा होत्या: बाविसाव्या वर्षापासून दरमहा २ हजार, किंवा बत्तिसाव्यापासून दरमहा ५ हजार, दोन्ही साठीपर्यंत. वर्षाला १२ टक्के परताव्यानं पहिलीचे साधारण १ कोटी ८५ लाख होतात, दुसरीचे १ कोटी ३७ लाख. आता दर ८ टक्के धरा, म्हणजे २०२३-२४ मध्ये पीएफवर मिळालेल्या सव्वाआठच्या आसपास. पहिलीचे ५९ लाख, दुसरीचे ६२ लाख. निकाल पालटला! उशिरा भरणारी पुढे गेली, तिचे खिशातून ९ लाख १२ हजारांऐवजी १६ लाख ८० हजार गेले तरीही. तेव्हा तुमची शंका रास्त आहे. दर जितका कमी, तितकी लवकर सुरुवातीची धार बोथट. म्हणूनच मुलीला मी हे इक्विटी फंडाच्या एसआयपीपुरतं सांगितलं, आणि तिथेही १२ टक्के हा फक्त हिशेबाला धरलेला आकडा आहे, कोणी लिहून दिलेला नाही.

महागाईनं १ कोटी ८५ लाखांचं तेज उतरतंच. वर्षाला ६ टक्के धरली तर अडतीस वर्षांनंतरच्या त्या रकमेची किंमत आजच्या २० लाखांएवढी. पण दोन्ही रकमा साठीलाच हातात येतात, त्यामुळे ही कात्री दोघींना सारखीच लागते. महागाईचा खरा फरक भरण्याच्या बाजूला पडतो, आणि तो तुमच्या बाजूचा आहे: दहा वर्षांनंतरचे ५ हजार म्हणजे आजचे सुमारे २,८०० च. पगार वाढल्यावर भरणं सोपं जातं हे तुमचं म्हणणं इथे आकड्यांतही दिसतं.

मग मी लवकरचा हट्ट का धरतो? १ कोटी ८५ लाख फोडून पाहा. पहिल्या दहा वर्षांत मुलगी भरते २ लाख ४० हजार. बत्तिसाव्या वर्षी त्यांचे ४ लाख ६० हजार झालेले असतात. तिथे एसआयपी बंद केली आणि पैसे तसेच ठेवले, तरी साठीला त्यांचेच १ कोटी ३० लाख होतात. पुढची अठ्ठावीस वर्षं भरलेल्या २ हजारांचे जेमतेम ५५ लाख. ८ टक्क्यांनीही पहिल्या दहा वर्षांचा वाटा ५९ पैकी ३४ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि बत्तिसाव्या वर्षी ५ हजार भरायला तिला कोणी अडवलंय? ती दोन्ही करू शकते: पहिली दहा वर्षं २ हजार, पुढे ५ हजार. मग ८ टक्क्यांनीही एकूण ९६ लाखांवर जातात. तुमच्या बेतात नसलेले ३४ लाख, मूळ खर्च २ लाख ४० हजार.

अट एकच: ती पहिली दहा वर्षं मोडायची नाहीत. गडबड तिथेच होते. सातव्या वर्षी स्कूटर, आठव्या वर्षी लग्न, आणि फंड रिकामा. किंवा बाजार पडला की एसआयपी बंद. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांजवळ गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांखाली बंद झाला. ज्यांनी तेव्हा हप्ते थांबवले, त्यांची स्वस्तातली युनिट्स हुकली. बावीस-तेवीसच्या वयात अशी पडझड सोसणं सोपं असतं, कारण बुडायला जमाच थोडी असते. बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा उतरणाऱ्याला मोठ्या हप्त्यासकट तीच भीती शिकावी लागते. (हे आकड्यांत बसत नाही, पण मी हिशेब लिहिण्याच्या नोकरीत लोकांचं हेच पाहिलंय.)

आता तुमचं खोलीभाडं. घरी राहणाऱ्या मुलीला सांगितलेली रक्कम तुम्हाला लागू नाही, हे मान्य. आधी तीन महिन्यांचं भाडं आणि डबा बचत खात्यात किंवा छोट्या एफडीत साठवा. ते होईपर्यंत एसआयपीला हात लावू नका, नाहीतर घरमालकानं खोली सोडायला सांगितली की पहिला घाव फंडावरच पडेल. मग ५०० नं सुरू करा, बहुतेक फंडांत चालतं. पगार वाढेल तसा हप्ता वाढवा. कपातीची तारीख पगारानंतर दोन-चार दिवसांची ठेवा. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक दंड कापते, आणि ५०० च्या हप्त्यावर तो दंड वर्षाची कमाई खाऊन टाकू शकतो.