मेल उघडल्यामुळे बिलं गायब होत नाहीत: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★☆☆☆☆ "सप्लायरची बिलं मेलमध्ये दिसतात पण फोल्डरमध्ये येत नाहीत. आमचा स्टाफ मोबाईलवर मेल उघडतो, मग सॉफ्टवेअर वाचलेला मेल म्हणून सोडून देतं. वर मार्चची बिलं नवीन वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकली. सीएसमोर लाज गेली. पैसे वाया."

नमस्कार सर, आमचं सॉफ्टवेअर मेलमधून बिलं उचलून वर्षाप्रमाणे फोल्डरमध्ये ठेवतं, तेच होत नसेल तर वैताग येणं साहजिक आहे, ऐन मार्चएंडला बिल सापडत नसेल तर कोणीही भडकेल. पण तुमच्या स्टाफला उगाच बोलू नका, त्याने मेल उघडल्यामुळे काही झालेलं नाही.

न वाचलेलेच मेल उचलणारे प्रोग्राम असतात हे खरं, ते सर्व्हरला SEARCH UNSEEN विचारतात आणि कोणी मोबाईलवर मेल उघडला की तो त्यांच्या हिशेबातून बाद. आम्ही ते कधी वापरलंच नाही. आयमॅप म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरवरचे मेल बघायची पद्धत, तिच्यात मेलच्या फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला एक नंबर असतो, यूआयडी, नवीन मेलला कायम मागच्यापेक्षा मोठा. समजा इनबॉक्समध्ये आमचं 4812 पर्यंत बघून झालंय, तर पुढच्या फेरीला एवढंच विचारतो:

```
a1 UID SEARCH UID 4813:*
a2 UID FETCH 4813 (BODY.PEEK[])
```

यात वाचला का नाही वाचला हा प्रश्नच येत नाही. आणि PEEK असल्यामुळे आम्ही मेल घेतला तरी तुमच्याकडे तो न वाचलेलाच दिसतो. (गंमत म्हणजे नवीन काही नसेल तरी पहिल्या कमांडला सर्व्हर 4812 परत देतो, कारण * म्हणजे सगळ्यात शेवटचा मेल. तो आम्ही टाकून देतो, नाहीतर तेच बिल दर फेरीला परत आलं असतं.)

मग बिलं गेली कुठे? तुमच्या जीमेलमध्ये कोणीतरी फिल्टर लावलाय, विषयात इन्व्हॉइस शब्द आला की Skip the Inbox करून Purchase लेबल लावायचं. म्हणजे ते मेल इनबॉक्समध्ये येतच नाहीत, आणि तुम्ही सेटअपला फक्त इनबॉक्स निवडलाय. आयमॅपला प्रत्येक लेबल हा वेगळा फोल्डर, त्याचे यूआयडीही वेगळे, त्यामुळे इनबॉक्सवर कितीही नजर ठेवली तरी Purchase मध्ये काय पडलं ते कळत नाही. जीमेलच्या सर्चमध्ये मात्र सगळं एकत्र दिसतं, म्हणून तुम्हाला वाटतं मेल तर समोर आहे मग हे उचलत का नाही. स्वतः तपासायचं तर in:inbox has:attachment filename:pdf असं सर्च करा आणि मग in:inbox काढून परत करा, दुसऱ्यात जे जास्तीचे दिसतील त्यातच तुमची बिलं आहेत.

उपाय: फोल्डरच्या यादीत Purchase वर टिक करा आणि 'मागचे मेल तपासा' दाबा. एकच बिल दोन्हीकडे सापडलं तरी दोनदा सेव्ह होणार नाही, कारण आम्ही फाईलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून ताडतो, नाव बघत नाही. नावावर गेलो असतो तर वाटच लागली असती, निम्मे सप्लायर invoice.pdf याच नावाने पाठवतात.

आता मार्चचं. 31 मार्चचं बिल सप्लायरने 2 एप्रिलला मेल केलं तर ते नवीन वर्षात जातं, कारण आम्ही मेल सर्व्हरवर पोचला ती तारीख धरतो. बिलावरची तारीख पीडीएफच्या आत असते आणि तुमच्याकडे येणारी बरीच बिलं मोबाईलवर फोटो काढून पीडीएफ केलेली असतात, त्यात वाचायला अक्षरच नसतं, नुसतं चित्र. अंदाजाने तारीख ठरवून चुकीच्या वर्षात टाकण्यापेक्षा मेलची तारीख बरी, निदान शोधताना कुठे बघायचं ते माहीत असतं. सेटिंगमध्ये 'एप्रिलचे मेल वेगळे ठेवा' आहे, ते ऑन केलं की 1 ते 30 एप्रिलला मेलवर आलेली बिलं 'तपासा' फोल्डरमध्ये थांबतात, मग तुमच्या अकाउंटंटने एकदा नजर टाकून हलवायची. हे काम माणसाचंच आहे.

अजून एक, तुमचे दोन सप्लायर बिल जोडतच नाहीत, मेलमध्ये नुसती 'बिल डाउनलोड करा' अशी लिंक असते. ती आम्ही उघडत नाही आणि उघडणारही नाही, अनोळखी लिंकवर आपोआप क्लिक करणारा प्रोग्राम तुमच्या ऑफिसच्या मेलला जोडलेला असणं परवडणारं नाही. असे मेल रिपोर्टमध्ये 'अटॅचमेंट नाही' खाली दिसतात, त्या दोघांना पीडीएफ जोडून पाठवायला सांगा, नाहीतर ती तेवढी हाताने उतरवून घ्या.

Purchase वर टिक केल्यावरही एखादं बिल राहिलं तर त्या मेलची तारीख आणि विषय सपोर्टला पाठवा, इथे रिव्ह्यूमध्ये सप्लायरचं नाव टाकू नका.