जेल वाळते म्हणजे काय होते : एका प्रतिक्रियेला उत्तर

"तुमचा टेस्टोस्टेरॉन जेलवरचा लेख वाचला. माझे मिस्टर दीड वर्षापासून रोज सकाळी जेल लावतात. पाच मिनिटांत खडखडीत वाळते. आमची तीन वर्षांची मुलगी रोज त्यांच्या खांद्यावरच झोपते, तिला काहीही झालेले नाही. तुम्ही उगाच बायकांना घाबरवता. शिवाय पाच तास आंघोळ नाही, अंग झाकून ठेवा, हे वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांनी कसे करायचे? एवढा धोका असेल तर इंजेक्शन घ्या असे सरळ का लिहीत नाही?"

नमस्कार. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी पडणाऱ्यांनी त्वचेवर लावायचे हे जेल स्पर्शाने घरातल्या बायका-मुलांच्या अंगाला लागू शकते, असे मी त्या लेखात लिहिले होते. घराच्या अडचणीचा आणि इंजेक्शनचा, हे तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मूळ लेखात यायला हवी होती. त्यांच्याकडे वळण्याआधी एक विनंती करतो. जेल लावलेल्या उघड्या खांद्यावर मुलीला झोपवणे आजपासून थांबवावे. घाबरवण्याचा हेतू नाही, पण बाकीचे उत्तर वाचून होईपर्यंतही हे लांबवू नये असे मला वाटते.

पाच मिनिटांत जे वाळते ते जेलमधले अल्कोहोल. अल्कोहोल उडून जाते, त्वचा कोरडी लागते आणि औषध अंगात मुरले असा समज होतो. प्रत्यक्षात १ टक्का जेलच्या ५ ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते आणि त्यातले साधारण दहा टक्के, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसभरात रक्तात पोहोचते. निरोगी पुरुषाचे शरीर रोज जेवढे टेस्टोस्टेरॉन तयार करते, त्याच्या जवळ जाणारा हा आकडा आहे आणि मात्रा त्याच हिशेबाने ठरवलेली असते. उरलेल्या औषधाचा मोठा भाग मात्र त्वचेवरच राहतो. तो दिसत नाही, चिकट लागत नाही, त्याला वासही येत नाही, पण घामेजलेला गाल तासभर त्यावर टेकलेला राहिला तर तो गालाला लागतो. प्रौढ पुरुषाच्या दृष्टीने ती मात्रा क्षुल्लक असली, तरी तीन वर्षांच्या मुलीच्या शरीरात या हार्मोनचे प्रमाण मुळातच जवळजवळ नगण्य असते.

१ टक्का जेलची याबाबत माणसांवर चाचणी झालेली आहे. जेल लावलेल्या पुरुषांच्या त्वचेशी, काही तास उलटून गेल्यावर, त्यांच्या जोडीदार स्त्रियांचा पंधरा मिनिटे थेट संपर्क आला, तेव्हा त्या स्त्रियांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन मूळ पातळीच्या दुपटीहून वर गेले. त्याच जागेवर शर्ट असताना ही वाढ झाली नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मे २००९ मध्ये या जेलच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीतला इशारा छापणे सक्तीचे केले, तेव्हा तिच्यापुढे नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या आठ नोंदी होत्या. बहुतेक मुलांमधली लक्षणे संपर्क थांबल्यावर ओसरली, पण काहींच्या बाबतीत ती पूर्णपणे ओसरली नाहीत.

"काहीही झालेले नाही" असे तुम्ही लिहिता. तसेच असण्याची शक्यता आहे आणि तसेच असावे. परंतु मुलीच्या बाबतीत नेमके काय पाहायचे, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे का, याची मला शंका आहे, कारण ताप किंवा पुरळ यांसारखे चटकन नजरेत भरणारे यात काही घडत नाही. जांघेत किंवा काखेत तुरळक जाड केस येणे, घामाला मोठ्या माणसासारखा वास येणे, चेहऱ्यावर मुरमे येणे, योनीच्या वरच्या टोकाचा शिश्निका हा भाग मोठा दिसणे, स्वभाव अचानक आक्रमक होणे आणि उंची भराभर वाढणे ही ती लक्षणे आहेत. यातली शेवटची गोष्ट सर्वांत फसवी आहे, कारण मूल उंच होते आहे म्हणून घरात सगळ्यांना आनंदच होतो. या हार्मोनच्या प्रभावाने हाडे वयापेक्षा लवकर पक्व होऊ लागतात आणि हे दीर्घकाळ चालले तर वाढ वेळेआधी थांबून अखेरची उंची कमी राहू शकते. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्यावे. त्यांना गरज वाटली तर ते डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतील.

आता तुमच्या घरातल्या व्यवस्थेकडे येतो. माझ्या लेखातली एक चूक आधी दुरुस्त करतो. पाच तासांचा नियम १ टक्का जेलचा आहे. १.६२ टक्के जेल असेल तर दोन तास पुरतात. ती मर्यादा मी सरसकट लिहिली, ते बरोबर नव्हते. तुमच्याकडे कोणते जेल आहे ते पाकिटावर छापलेले असते आणि ते कुठे लावायचे हेही त्यावरच ठरते. १ टक्का जेल खांदे, दंड किंवा पोट यांवर लावता येते, १.६२ टक्के जेल फक्त खांदे आणि दंडांवर. तुमच्या घरात मूल लहान असल्यामुळे मी दोन्ही बाबतींत खांदे आणि दंडच निवडेन, आणि तेही अर्ध्या बाहीच्या शर्टाखाली झाकला जाईल तेवढाच भाग. आपल्याकडे घरी आल्यावर पुरुष शर्ट काढून बिनबाह्यांच्या बनियनवर बसतात. ती बनियन नेमकी जेलची जागा उघडी ठेवते. या औषधापुरती ती घरातून बाद करून अर्ध्या बाहीचा सुती टी-शर्ट आणला, तर अर्धे काम झाले असे समजा.

तुमचे मिस्टर साडेसातला कामावर निघतात असे धरू. सातच्या सुमारास आंघोळ उरकून त्यांनी खांदे नीट कोरडे करावेत आणि जेल मोरीतच लावावे. लावण्याआधी बादलीतून मगभर पाणी काढून ठेवावे आणि साबण उघडा ठेवावा. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण जेलने भरलेल्या हातांनी आधी नळ, मग साबणाची डबी आणि मग दाराची कडी धरली जाते, आणि दिवसभर तीच कडी मुलगी धरते. उजव्या तळव्यावर थोडे घेऊन डाव्या खांद्यावर आणि दंडावर, मग डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या बाजूला, पातळ थर पसरावा. जोराने चोळण्याची गरज नाही. छाती, मान आणि कोपराच्या खालचा हात यांवर जेल येऊ देऊ नये. नंतर लगेच दोन्ही हात साबणाने धुवावेत आणि ते घरातल्या सामाईक पंचाला पुसू नयेत. वाळेपर्यंत पाच मिनिटे तिथेच थांबावे. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे ओल्या जेलनिशी पेटत्या गॅसजवळ किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ जाऊ नये, आणि एका खोलीच्या घरात शेगडी चार पावलांवर असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मग टी-शर्ट, त्यावर ऑफिसचा शर्ट. रिकामे पाकीट खिडकीत ठेवू नये, कारण त्यात थोडे जेल उरलेले असते. ते कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकावे.

पुढचे बारा तास ते घराबाहेर असतील, तर पाच तासांची अट आपोआप पाळली जाते. संध्याकाळी आल्यावर, मुलगी अंगावर येण्याआधी, त्यांनी खांदे आणि दंड साबण-पाण्याने धुवावेत आणि स्वच्छ टी-शर्ट घालावा. धुण्याने बरेच औषध निघते, तरी टी-शर्ट घालूनच मुलीला जवळ घ्यावे. म्हणजे खांद्यावर झोपणे बंद करावे लागत नाही, मध्ये साबण आणि कापड आणावे लागते. रविवारी ते दिवसभर घरी असतात तेव्हा टी-शर्ट अंगावर राहील आणि मुलीला जवळ घेण्याआधी तो बदलला जाईल एवढे पाहावे. कधी चुकून उघड्या खांद्याशी संपर्क आलाच, तर मुलीची ती जागा लगेच साबणाने धुवावी. एखाद्या स्पर्शाने अनर्थ होत नाही. धोका असतो तो रोजच्या संपर्कात.

दिवसभर वापरलेल्या टी-शर्टात, उशीच्या अभ्ऱ्यात आणि टॉवेलातही औषध असते, म्हणून ते मुलीच्या कपड्यांत मिसळून ठेवू नका आणि हाताने धूत असाल तर नंतर हात साबणाने धुवा. तुमच्या स्वतःच्या बाबतीत हनुवटीवर नवे केस, मुरमे, पाळीतला बदल किंवा आवाज जाड होणे दिसले तर डॉक्टरांना जेलबद्दल सांगा. आवाज एकदा बदलला की तो पूर्ववत होईलच असे नाही. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर या जेलशी संपर्क पूर्णपणे टाळायला हवा, कारण गर्भ मुलीचा असल्यास त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

औषध त्वचेवर किती चिवटपणे राहते हे मी स्वतःवरच शिकलो. पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर मला जेल सुरू झाले, तेव्हा व्यवसायाने फार्मासिस्ट असूनही पहिल्या वर्षी मी ते दंडावरून कोपरापर्यंत ओढून लावत असे. एका सकाळी तपासणीसाठी त्याच हाताच्या कोपराच्या घडीतून रक्त काढले गेले आणि अहवालात टेस्टोस्टेरॉन इतके जास्त आले की मात्रा निम्मी केली गेली. दीड महिना मी थकवा आणि चिडचिड सोसत होतो. मग साबणाने धुतलेल्या कोपरातून पुन्हा रक्त दिले, तेव्हा पातळी गरजेपेक्षा कमी निघाली. सुई टोचताना त्वचेवरचे औषध नमुन्यात मिसळले होते. तुमच्या मिस्टरांचेही रक्त काढताना हे लक्षात ठेवा, आणि त्याच वेळी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण, तपासले जाते की नाही तेही विचारा. ते ५४ टक्क्यांच्या वर गेले तर उपचार थांबवून डॉक्टर पुढचा निर्णय घेतात.

इंजेक्शनबाबत तुमचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. घरात रांगते किंवा अंगावर झोपणारे मूल असेल, वरची दिनचर्या नेमाने पाळली जाईल असा भरवसा नसेल, तर इंजेक्शन हा अधिक सुरक्षित पर्याय आहे, कारण त्यात इतरांच्या अंगाला काही लागत नाही. ते सरसकट घ्या असे मी लिहिले नाही, याचे कारण असे की दोन-तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनमध्ये पातळी सुरुवातीला उंच चढते आणि शेवटी खाली येते, काहींना तो चढउतार जाणवतो आणि रक्त दाट होण्याचे प्रमाणही जेलपेक्षा जास्त असते. सुमारे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शनही मिळते. यातले काय योग्य हे त्यांच्या अहवालांवरून त्यांचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या विकारांचे डॉक्टरच ठरवू शकतील, पण "घरात तीन वर्षांची मुलगी आहे" हे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारले गेले पाहिजे. बहुतेक वेळा ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेताना जेलचे रिकामे पाकीट बरोबर घ्या. एफडीएकडे आलेल्या नोंदींमध्ये असेही मूल होते की कारण उशिरा लक्षात आल्यामुळे त्याची शस्त्रक्रियाही झाली. अशी लक्षणे दिसली की डॉक्टर साहजिकच मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा विकार किंवा गाठ शोधू लागतात. वडील जेल लावतात हे पहिल्याच भेटीत कळले, तर त्या शोधाची दिशा बदलते.