पुलावर की पुलाखाली: जवळचा रस्ता म्हणजे खरा रस्ता नव्हे

"मॅप मॅचिंगचं उगाच स्तोम माजवलंय. जीपीएसचा बिंदू घ्या, सगळ्यात जवळचा रस्ता द्या, झालं काम. चुका दिसल्याच तर दर सेकंदाला बिंदू घ्या. आणि गाडी पुलावर होती की खाली, ते उंचीवरून कळतंच."

मॅप मॅचिंग म्हणजे जीपीएसच्या बिंदूंवरून गाडी नेमकी कोणत्या रस्त्याने गेली ते ठरवणं. गाड्यांचा माग ठेवणाऱ्या मंडळींमध्ये वरचं म्हणणं फिरतंय आणि लोक ते खरं मानून कामाला लागतायत, म्हणून सविस्तर लिहितो. तीनही मुद्दे तपासायला मुंबईत एक जागा पुरेशी आहे: जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने, मोहम्मद अली रोडच्या थेट डोक्यावरून जाणारा उड्डाणपूल. लांबी दोन किलोमीटरहून जास्त, आणि मध्ये कुठेही चढा-उतरायची सोय नाही.

समजा, एक टॅक्सी भायखळ्याकडून सीएसएमटीकडे पुलावरून चाललीय. वेग ताशी ३६ किलोमीटर, दर १५ सेकंदांनी एक बिंदू, म्हणजे दोन बिंदूंत साधारण १५० मीटर. मिनारा मशिदीजवळचा एक बिंदू घेऊ. नकाशावरच्या पुलाच्या रेषेपासून तो ९ मीटर, खालच्या रस्त्यापासून ४ मीटर आणि शेजारच्या गल्लीपासून ३ मीटर दूर पडला. दोन्ही बाजूंना इमारती अगदी खेटून असल्यामुळे सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे दहा मीटरची चूक इथे नवलाची नाही. जवळचा रस्ता निवडला, तर टॅक्सी गल्लीत गेली. पुढचा बिंदू पुलावर, त्याच्या पुढचा खाली. गाडी हवेतून खालीवर उड्या मारतेय असा मार्ग तयार होतो.

खरी पद्धत एकेक बिंदू सुटा बघत नाही. पॉल न्यूसन आणि जॉन क्रम या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली हिडन मार्कोव्ह मॉडेलची रीत आज बहुतेक साधनांच्या मुळाशी आहे. तिच्यात प्रत्येक बिंदूसाठी आसपासचे अनेक रस्ते उमेदवार म्हणून उभे राहतात आणि दोन प्रकारचे गुण मिळतात.

```
emission   = exp(-0.5 * (d / sigma)^2)
transition = exp(-abs(route - straight) / beta)
```

पहिला गुण अंतराचा. `d` म्हणजे बिंदूपासून रस्त्याचं अंतर, `sigma` म्हणजे जीपीएसची अपेक्षित चूक. `sigma` १० मीटर धरलं, तर गल्लीला ०.९६, खालच्या रस्त्याला ०.९२ आणि पुलाला ०.६७. म्हणजे जवळचा असल्याचा फायदा किरकोळच.

दुसरा गुण प्रवासाचा: दोन बिंदूंमधलं सरळ अंतर आणि रस्त्याने जायचं अंतर यांत फरक किती. हा फरक किती खपवून घ्यायचा ते `beta` ठरवतं, ते १० मीटर धरू. सरळ अंतर १५०, पुलावरून १५२: गुण ०.८२. गल्लीतून वळसा घेत २३० मीटर होत असतील, तर फरक ८० आणि गुण ०.०००३. गल्ली बाद. पुलाच्या मध्यावरून खालच्या रस्त्यावर यायचं, तर टोकापर्यंत जाऊन, उतरून, वळून परत यावं लागतं. ते अंतर दोन किलोमीटरच्या घरात जातं आणि गुण शून्यच म्हणायचा. मग विटर्बी अल्गोरिदम सगळ्या बिंदूंचे गुण एकमेकांशी गुणून सर्वांत चांगली साखळी काढतो. उड्या संपल्या. आता दोनच शक्यता उरल्या: अख्खा प्रवास वरून, नाहीतर अख्खा खालून.

पण या दोहोंत निवड करणं हेच अवघड आहे, आणि दर सेकंदाच्या बिंदूंनी ते आणखी बिघडतं. वरच्या उदाहरणात खालच्या रस्त्याला पुलापेक्षा सुमारे १.४ पट जास्त गुण मिळाले. या सूत्रात प्रत्येक बिंदूची चूक स्वतंत्र मानलेली असते. प्रत्यक्षात एकाच बाजूच्या इमारतींवरून सिग्नल उसळत असेल, तर लागोपाठचे बिंदू एकाच दिशेला सरकतात. दोन किलोमीटरला २०० सेकंद लागतात. तेवढा वेळ चूक तशीच राहिली, तर पंधरा सेकंदांच्या हिशेबाने १३ बिंदूंनंतर खालचा रस्ता साधारण ६८ पट खरा वाटू लागतो. दर सेकंदाचे २०० बिंदू घेतले, तर हे प्रमाण एकावर अठ्ठावीस शून्यं इतकं होतं. माहिती मात्र तीच! एकाच साक्षीदाराला दोनशे वेळा विचारून दोनशे साक्षी झाल्या असं मानण्यासारखं आहे हे. उत्तर चुकतं ते चुकतंच, वर ठाम खात्रीने चुकतं.

शिवाय गाडी कोंडीत उभी असली की दर सेकंदाचे बिंदू तिच्याभोवती पुढेमागे नाचतात आणि न धावलेलं अंतर मोजलं जातं. म्हणूनच न्यूसन-क्रम यांच्या पद्धतीत आधीच्या बिंदूपासून `sigma` च्या दुपटीपेक्षा जवळ पडलेले बिंदू सरळ गाळतात. आणखी एक: त्यांच्या सिॲटलच्या नोंदींवरून काढलेलं `sigma` चार मीटरच्या आसपास होतं. ते मोहम्मद अली रोडला जसंच्या तसं लावू नका. ओएसआरएम या मार्ग काढणाऱ्या साधनात ही अपेक्षित चूक `radiuses` मधून दिली नाही तर ५ मीटर धरलं जातं. इथे ते वाढवायलाच हवं.

उंचीचं म्हणाल, तर जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा मोठी असते, कारण सगळे उपग्रह डोक्यावरच्या आकाशात असतात, पायाखाली एकही नसतो. दहा मीटरची आडवी चूक येते तिथे काही मीटर उंचीचा पूल ओळखणार कसा? त्यात जीपीएसची मूळ उंची समुद्रसपाटीपासून नसते, गणिती लंबगोलापासून असते. मुंबईत हा फरक सुमारे साठ मीटरचा आहे, त्यामुळे दुरुस्ती न केलेली नोंद जमिनीवरच्या गाडीला उणे पन्नास-साठ मीटर दाखवू शकते. आणि तुलना करायची कशाशी? ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात पुलाला `layer=1` असतं. तो एकावर एक असण्याचा क्रम आहे, मीटर नव्हेत. वायुदाबमापक असलेल्या फोनमध्ये चढ-उतार जाणवतो हे खरं, पण गाडीत बसवलेल्या साध्या ट्रॅकरमध्ये तो सहसा नसतो.

मग निर्णय कशावर करायचा? वेळेवर आणि वागण्यावर. खाली पायधुनी, भेंडी बाजाराचे सिग्नल आहेत, हातगाड्या आहेत, रस्ता ओलांडणारी गर्दी आहे. गाडी मध्येच वळली असेल, तर प्रश्न मिटला: ती खालीच होती. भर गर्दीच्या वेळी दोन किलोमीटर एकदाही न थांबता गेली, तर वरून जाण्याची शक्यता खूप जास्त. उलट थांबली म्हणून खाली होती असं मात्र नाही, पुलावरही कोंडी होते. वाहन कोणतं हेही बघा. या पुलावर दुचाकींना मनाई आहे, म्हणून दुचाकीच्या नोंदी मोटारीच्या प्रोफाइलवर चालवू नका. डिलिव्हरीच्या पोराला पुलावर दाखवून त्याच्याकडून दंड वसूल करणं हा उघड अन्याय आहे, आणि तो अशाच आळसातून होतो.

निकाल तपासताना पुलाच्या दोन्ही टोकांपलीकडचे दोन-चार बिंदू सोबत ठेवा, मधलाच तुकडा कापून देऊ नका. मग मार्ग एकदा वरून आणि एकदा खालून सक्तीने काढून दोन्हींचे एकूण गुण प्रति बिंदू सरासरीने ताडून बघा. फरक नगण्य असेल आणि वेळेवरूनही काही ठरत नसेल, तर त्या तुकड्यापुढे "अनिश्चित" असंच लिहा. अंतर दोन्हीकडून जवळपास सारखंच असल्यामुळे भाड्याचा हिशेब त्याने अडत नाही. वेगमर्यादेचा किंवा मनाईचा दंड मात्र त्या नोंदीवरून लावू नका.