चकली तीन मिनिटांत लाल झाली म्हणजे तळून झाली नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, तुमच्या पद्धतीने एक किलो भाजणीच्या चकल्या केल्या आणि चौथ्या दिवशी सगळ्या मऊ. मोठ्या आचेवर तीन मिनिटांतच छान लाल झाल्या होत्या, मग आठ मिनिटं तळायला सांगणं म्हणजे लोकांना तेल पाजणं आहे. सूर्यफूल तेल लवकर खवट होतं हेही अशास्त्रीय, त्याचा स्मोक पॉइंट बघा. भाजणीचं प्रमाणही चुकलेलं वाटतं. अभ्यास न करता असं लिहू नये.»

नमस्कार. एक किलो भाजणी वाया गेल्यावर चिडचिड होणारच, ती मला समजते. पण «अभ्यास न करता» हे शब्द लागले. पंधरा वर्षं दिवाळीच्या ऑर्डरी तळते आहे, त्यातल्या निम्म्या परगावी जातात आणि तिथे महिनाभर पुरवून खाल्ल्या जातात. शिवाय तुम्हीच लिहिता, की तीन मिनिटांत काढल्या. मग ती माझी पद्धत कशी झाली? पाककृती अर्ध्यावर सोडायची आणि दोष लिहिणाऱ्याला द्यायचा, हे बरोबर नाही.

एक चूक माझी, ती आधी मान्य करते. «आठ मिनिटं» लिहिताना कढई केवढी, तेल किती, एका वेळी चकल्या किती, हे मी लिहिलं नव्हतं. ते हिशेब असे: एक लिटर तेल, एका वेळी पाच-सहा चकल्या, सोऱ्याची नेहमीची जाड चकती. पातळ चकली सहा मिनिटांतही होईल. तेवढी दुरुस्ती मूळ लेखात करते.

आता «तीन मिनिटांत लाल» याबद्दल, कारण सगळा घोळ या एका वाक्यात आहे. रंग ही फक्त वरच्या सालीची बातमी असते. वाटीभर भाजणीला वाटीभर पाणी घेतो, आणि पिठाची वाटी पाण्याच्या वाटीपेक्षा वजनाला बरीच हलकी भरते. म्हणजे सोऱ्यातून पडणाऱ्या कच्च्या चकलीत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. तेलात सोडल्यावर जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नसून या पाण्याच्या वाफेचे असतात. जिथे पाणी आहे तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून गाभा बराच वेळ नुसता शिजत असतो. वरची साल मात्र लवकर सुकते, तापते आणि तिखट-हळदीमुळे आणखी पटकन लाल होते. मोठ्या आचेवर हे अंतर वाढतं: बाहेर लाल, आत ओलसर.

अशी चकली काढल्यावर तासाभराने खाल्ली तर कुरकुरीतच लागते, म्हणून फसायला होतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत गाभ्यातला ओलावा हळूहळू सालीकडे सरकतो आणि बंद डब्यातही चकली वातड होते. तुमचा चौथा दिवस तो हाच. हवा लागून सादळलेल्या चकल्या वेगळ्या ओळखू येतात. त्यात सतत उघडल्या जाणाऱ्या डब्यातल्या वरच्या चकल्या आधी मऊ पडतात, तळाच्या बऱ्या राहतात. तुम्ही «सगळ्या मऊ» लिहिलंय, म्हणजे ओलावा बाहेरून आलेला नाही.

म्हणून घड्याळापेक्षा कढईकडे बघायचं. तेल १७५-१८० अंशांवर तापवायचं. थर्मामीटर नसेल तर उकडीची गोळी टाकून बघा, ती तळाशी क्षणभर टेकून लगेच वर यायला हवी. चकल्या सोडल्या की तेल एकदम थंडावतं, ते १५०-१६०वर टिकेल अशी मध्यम आच ठेवायची. पहिली दोन-अडीच मिनिटं मोठे बुडबुडे आणि जोराचा सळसळाट असतो, तेव्हा झारा लावला तर चकली तुटते. बुडबुडे जरा ओसरले की उलटायची आणि आच थोडी कमी करायची. मग ते बारीक होत जातात, आवाज बसत जातो, आणि शेवटी चकलीच्या कडेने इथे-तिथे एखादा उरतो. तेव्हा काढायची. पुढचा घाणा टाकण्याआधी तेल पुन्हा तापू द्यायचं. घाईत हेच राहून जातं आणि दुसऱ्या घाण्यापासून चकल्या तेलकट होतात.

खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच कच्च्या चकल्या तोला. समजा १०० ग्रॅम भरल्या. नीट तळल्यावर, मधे तेल शिरूनही, त्या साठ-पासष्ट ग्रॅमच्या आसपास येतात. उकड सैल-घट्ट असेल तसा आकडा थोडा हलेल, पण पंचाहत्तर-ऐंशी भरल्या तर पाणी आतच आहे. काटा नसेल तर गार झालेली चकली मधोमध मोडा. आतला भाग कोरडा, जाळीदार दिसायला हवा. तिथे गडद, चिकटसर रेघ दिसली की ती कच्ची.

राहिलं «तेल पाजणं». बरंचसं तेल चकली कढईबाहेर काढल्यावर आत शिरतं. वाफेचा जोर संपतो आणि अंगावरचं तेल मोकळ्या झालेल्या जाळीत ओढलं जातं. म्हणून काढताना झाऱ्यावर अर्धा मिनिट कढईवरच निथळू द्यायची आणि मग चाळणीत उभी ठेवायची. जास्त तेलकटपणा गार तेलाने किंवा जादा मोहनाने येतो. मोहन फार झालं तर चकली तेलात फसफसून सुटतेही.

तेलाबद्दल. स्मोक पॉइंट कढईतल्या धुरापुरता. १७० अंशांवर रिफाइंड सूर्यफूल धूर सोडत नाही आणि रिफाइंड शेंगदाणाही नाही. प्रश्न डब्यातल्या महिन्याचा आहे. चकलीच्या वजनात पाव हिस्सा किंवा जास्तच तेल असतं आणि खवट तेच होतं, हवेतला ऑक्सिजन लागून. ऑक्सिजन सगळ्यात लवकर धरतो तो लिनोलिकसारख्या आम्लांना. नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलिक साठ टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्यात साधारण तीस, पामोलिनमध्ये दहा-बारा. विकतच्या फरसाणाच्या पाकिटावर इतक्यांदा पामोलिन दिसतं, त्याला स्वस्ताईबरोबर हेही कारण आहे. मी रिफाइंड शेंगदाणा वापरते. पामोलिन जास्त टिकतं, पण थंडीत चकलीवर पांढरट थर धरतं आणि चवीत काही देत नाही. आठवड्यात संपणार असतील तर सूर्यफूल खुशाल वापरा, मी कधीच नाही म्हटलेलं नाही.

मात्र कुठलंही तेल ताजं हवं. आदल्या दिवशीच्या अनारशांचं उरलेलं तेल नव्यात ओतलं तर खवटपणाची सुरुवात तुम्हीच करून देता. कढईत तेल फेसाळायला लागलं, काळपट-चिकट झालं, की त्यात साठवणीचं काही तळू नये. पारदर्शक बरणी ओट्यावर उन्हात ठेवू नका, प्रकाशानेही तेल लवकर बिघडतं.

भाजणीच्या प्रमाणावर वाद घालत नाही. घरोघरी ते वेगळं असतं आणि त्याने चकली चौथ्या दिवशी मऊ पडत नाही.

उरलेल्या चकल्या टाकू नका. खवट वास येत नसेल तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर वीसेक मिनिटं ठेवा, पूर्ण गार होऊ द्या, एक मोडून बघा आणि मगच डब्यात भरा. ओलसर रेघ दिसली तर आणखी दहा मिनिटं. आणि पुढच्या वेळी पूर्ण वेळ तळूनही मऊ पडल्या, तर कढईचं माप, तेल आणि वेळ लिहून कळवा. तेव्हा मात्र चूक माझ्याकडे शोधेन.