असत्य, कारण...

मी एका नागरी सहकारी बँकेत सव्वीस वर्षं काढली आहेत. त्यातली अकरा वर्षं कॅश काउंटरवर. त्यामुळे मुलीने अकरावीला कॉमर्स घेतलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, की पुस्तपालनाच्या क्लासची फी वाचली. ही माझी पहिली चूक. (सकारण पुढे येतेच आहे.)

महिनाभर बरं चाललं. मग एका संध्याकाळी तिने स्वाध्याय पुढे ठेवला. पहिला प्रश्न, ‘खालील विधाने सत्य की असत्य ते सकारण लिहा’. दुसरा, ‘एका शब्दात उत्तर लिहा’, आणि त्याखाली बाईंनी पेनाने जोडलेलं ‘इथेही एका ओळीत कारण हवे’. मला हसूच आलं. सत्य-असत्य म्हणजे नाणं उडवायचं काम. आमच्या वेळी अर्धा वर्ग त्यावरच पास झाला. पण नाण्याला कारण लिहिता येत नाही, हे मी विसरलो होतो.

पहिलं विधान होतं, ‘पासबुकातील जमा शिल्लक म्हणजे बँक अधिविकर्ष होय.’

‘‘असत्य,’’ मी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं.

‘‘कारण?’’

‘‘कारण जमा शिल्लक म्हणजे अधिविकर्ष नसतो.’’

तिने निमूट लिहून घेतलं. दोन दिवसांनी वही परत आली. ‘असत्य’ला बरोबरची खूण, आणि कारणाखाली लाल शाईत ‘हे कारण नव्हे. विधानाला “नाही” जोडले आहे.’ दोनातला एक गुण. सव्वीस वर्षांच्या नोकरीला पन्नास टक्के.

चडफडलो, पण बाईंचं खरं होतं. रोज शेकडो पासबुकं छापणाऱ्या मला जमा शिल्लक चांगली असते हे पाठ होतं. का असते, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी रात्री कागद घेऊन बसलो. समजा, दुकानदाराने बँकेत 12,000 रुपये भरले. त्याच्या रोख पुस्तकात बँक नावे पडते, कारण बँक त्याला तेवढं देणं लागते. म्हणून तिथे नावे शिल्लक चांगली. पासबुक मात्र त्याचं नसतंच मुळी, ते बँकेच्या वहीतलं त्याचं खातं असतं. बँकेच्या बाजूने हाच माणूस देणेकरी नव्हे, धनको. म्हणून त्याच्या नावावर 12,000 जमा. एकच पैसा, दोन वह्या, आणि आरशात डावा हात उजवा दिसावा तशा बाजू उलट. अधिविकर्ष असेल तर पासबुकात नावे शिल्लक दिसेल. कारण एवढंच लिहायचं होतं: ‘पासबुक बँकेच्या दृष्टीने लिहिलेले असते, जमा शिल्लक म्हणजे बँक ग्राहकाला देणे लागते ती रक्कम.’ एक ओळ. ती सापडायला मला रात्रीचे साडेअकरा वाजले.

त्यात ‘अधिविकर्ष’ हा शब्द. आमच्या बँकेत तो सव्वीस वर्षांत कुणी उच्चारलेला नाही. आम्ही ‘ओडी’ म्हणतो. एका शब्दाच्या प्रश्नात ‘शिल्लकेपेक्षा जास्त काढलेली रक्कम’ आली तेव्हा मी बाणेदारपणे ‘ओडी’ सांगितलं होतं. बाईंनी त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

पण त्या भागातला कळस मुलीचा स्वतःचा होता. ‘मालकाने खाजगी उपयोगासाठी व्यवसायातून घेतलेली रोकड किंवा माल.’ तिने लिहिलं होतं, ‘चोरी. कारण न विचारता घेतली.’

मी पोट धरून हसलो. मग समजावून सांगायला गेलो आणि हसू थांबलं. ‘‘अगं, मालकच तो. स्वतःच्या गल्ल्यातून घेतले तर चोरी कशी?’’

‘‘मग लिहायचं तरी कशाला? त्याचेच पैसे ना?’’

प्रश्न बिनतोड होता. उत्तर असं, की हिशेबात मालक आणि दुकान हे दोन वेगळे इसम. मालकाने घातलेलं भांडवलसुद्धा दुकानाच्या दृष्टीने देणं असतं. म्हणून त्याने गल्ल्यातून काढलेले पैसे दुकानाचा खर्च होत नाहीत, त्याच्या भांडवलातून वजा होतात. शब्द ‘उचल’, आणि कारण हे. गंमत अशी, की हे एक कारण समजलं आणि तिने ‘भांडवल ही व्यवसायाची मालमत्ता आहे’ हे विधान मला न विचारता असत्य करून टाकलं, सकारण. मला उगाचच बढती मिळाल्यासारखं वाटलं.

शेवटचं विधान होतं, ‘तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक आहेत.’ इथे मी अडखळलो नाही. तेरीज न जुळण्याच्या रात्री मी काढल्या आहेत, आणि जुळूनही घोळ निघालेल्या त्याहून जास्त. ‘‘असत्य,’’ मी म्हणालो. ‘‘तेरीज फक्त नावे आणि जमा यांची बेरीज सारखी आहे का, ते बघते. एखादं बिल लिहायचंच राहिलं, तर दोन्ही बाजूंना सारखंच राहतं. 8,000 रुपयांचं फर्निचर माल खरेदीत घातलं, तरी बाजू नावेच राहते, तेरीज जुळते. एकीकडची चूक दुसरीकडच्या तेवढ्याच चुकीने झाकली जाते.’’ आणि ओघात तिला आमची काउंटरवरची युक्तीही सांगितली. फरक आला आणि त्याला नऊने भाग गेला, तर आधी अंकांची अदलाबदल शोधायची. 54 चे 45 झाले की फरक 9. 540 चे 450 झाले की 90.

दोनपैकी दोन. बाईंनी ‘छान’ही लिहिलं. ती वही मी दोन दिवस दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवली.

त्याच आठवड्यात महिनाअखेर आली. बायको घरखर्चाची डायरी घेऊन बसली. डबा मोजला, तर 180 रुपये कमी.

‘‘थांब,’’ मी खुर्ची पुढे ओढली. ‘‘180 ला नऊने भाग जातो. म्हणजे आकडा उलटा पडलाय. भाजीचे किती लिहिलेस? 240? खरे 420 असणार.’’

मुलगी कौतुकाने बघत होती. बायकोने शांतपणे भाजीवाल्या मावशींची चिठ्ठी काढून ठेवली. 240.

‘‘असत्य,’’ ती म्हणाली.

‘‘कारण?’’ मुलगी.

‘‘कारण काल शर्ट धुवायला टाकताना खिशात हे सापडलं.’’ मिसळीच्या दुकानाचं बिल होतं. दोन प्लेट, प्रत्येकी 90. डॉक्टरांनी तर्री बंद केल्याला तेव्हा तीन महिने झाले होते. भाग नऊने जातो म्हणून अदलाबदल झालीच असेल असं नाही, हे मी मुलीला सांगायचं विसरलो होतो.

मुलीला माझी दया आली असावी. ‘‘आई, घरातल्याच माणसाने घरातून घेतलेत. एका शब्दात सांगायचं तर, उचल.’’

‘‘चोरी,’’ बायको डायरी मिटत म्हणाली. ‘‘कारण न विचारता घेतले.’’